आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर एक मिनिट बोलण्याची तीन भागांची रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोणत्या सभेविषयी आहेत?

सभेत बोलण्याचा सराव करण्यासाठी चालणाऱ्या टोस्टमास्टर्स क्लबच्या सभेत ‘टेबल टॉपिक्स’ नावाचे एक सत्र असते. सत्र चालवणारा सदस्य, ज्याला टेबल टॉपिक्स मास्टर म्हणतात, एखादा शब्द, प्रश्न किंवा परिस्थिती मोठ्याने वाचतो आणि मग उपस्थितांपैकी एकाचे नाव पुकारतो. ज्याचे नाव येते त्याने उठून पुढे जायचे आणि तिथल्या तिथे बोलायचे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, सांता आना येथील वायएमसीएमध्ये राल्फ स्मेडली यांनी 1924 साली पहिला क्लब सुरू केला. आज पुण्या-मुंबईत या पद्धतीने चालणारे अनेक क्लब आहेत आणि त्यांपैकी काहींच्या सभा मराठीतून होतात.

या सत्रातील भाषणाची रूढ मर्यादा एक ते दोन मिनिटांची आहे. एक मिनिट झाले की वेळ मोजणारा सदस्य, म्हणजे टायमर, हिरवे कार्ड दाखवतो, दीड मिनिटाला पिवळे आणि दोन मिनिटांना लाल. म्हणजे एक मिनिट ही गाठायची किमान रेषा आहे, आणि नव्या सदस्यांची अडचण बहुतेक वेळा तिथेच होते : वीस-पंचवीस सेकंदांत सांगण्यासारखे सगळे संपते आणि उरलेला वेळ तेच वाक्य उलटसुलट करण्यात जातो. सदस्यसंख्या मोठी असलेले काही क्लब मुळातच एका मिनिटाची मर्यादा ठेवतात. दोन्ही ठिकाणी रचना तीच वापरता येते.

रचनेचे तीन भाग कोणते?

पहिला भाग म्हणजे विधान. दिलेल्या विषयाबद्दल आपले एक ठाम मत एका, फार तर दोन वाक्यांत सांगायचे. दुसरा भाग म्हणजे प्रसंग. ते मत ज्यातून दिसते अशी एकच घटना, ठिकाण आणि माणसे यांच्यासह सांगायची. तिसरा भाग म्हणजे परतीचे वाक्य. प्रसंगातून पुन्हा विधानाकडे यायचे, मात्र पहिलेच वाक्य जसेच्या तसे न म्हणता त्यात प्रसंगाने घातलेली भर दाखवून थांबायचे.

वेळेची वाटणी समान नसते आणि समान करण्याचा प्रयत्नही करू नये. विधानाला साधारण दहा सेकंद, प्रसंगाला चाळीस आणि परतीला दहा, हे माप सोयीचे पडते. शांतपणे बोलणारा माणूस मराठीत एका मिनिटात साधारण 100 ते 120 शब्द बोलतो. त्या हिशेबाने विधान दहा-पंधरा शब्दांचे, प्रसंग सत्तर-ऐंशी शब्दांचा आणि शेवट वीसेक शब्दांचा होतो. हे आकडे व्यासपीठावर मोजण्यासाठी नाहीत, घरी सराव करताना अंदाज बसावा म्हणून आहेत.

विधान आधी बोलायचे, तर ते आधी सुचायला नको का?

नको. ही रचना ठाऊक असूनही फसणारे जवळजवळ सगळे इथेच फसतात. बोलण्याचा क्रम विधान, प्रसंग, परत असा आहे, पण विचार करण्याचा क्रम वेगळा आहे. आधी प्रसंग शोधायचा, त्यातून विधान काढायचे आणि परतीचे वाक्य सर्वांत शेवटी, बोलता बोलता ठरू द्यायचे.

कारण सरळ आहे. ‘वक्तशीरपणा’ हा विषय मिळाल्यावर मत शोधायला गेलो की हाती काय लागते? वेळेला महत्त्व आहे, गेलेली वेळ परत येत नाही. हे सर्वांना मान्य असते आणि म्हणूनच त्यावर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. त्याउलट ‘उशीर झालेला एखादा दिवस’ आठवायला गेलो की लग्नाचा मुहूर्त टळल्यावरही शांतपणे विडा लावत बसलेले एखादे काका आठवतात, आणि त्या काकांकडून ‘उशीर कोणाचा खपवून घ्यायचा हे घड्याळ ठरवत नाही, नाते ठरवते’ असे एखादे विधान आपोआप निघते. असे विधान कोणी ऐकलेले नसते, आणि त्याला आधार देणारा प्रसंग आधीच हातात असतो.

विषय कळल्यापासून पहिला शब्द उच्चारेपर्यंत विचाराला वेळ कितीसा मिळतो?

वाटतो त्यापेक्षा जास्त. अनुभवी टेबल टॉपिक्स मास्टर विषय आधी वाचतो आणि नाव नंतर घेतो, जेणेकरून सभागृहातील प्रत्येकाने विचार सुरू करावा. त्यामुळे पहिला नियम असा की आपले नाव येणार नाही असे धरून बसू नये. विषय ऐकताच प्रसंग शोधायला लागावे. नाव दुसऱ्याचे आले तर बिघडले काही नाही, सराव झाला.

नाव आपले आलेच, तर उठणे, पुढे चालत जाणे, हस्तांदोलन करणे आणि सभेकडे वळणे यात काही सेकंद मिळतात. टेबल टॉपिक्स स्पर्धेच्या नियमांनुसार घड्याळ तेव्हा चालू झालेले नसते. वक्त्याने श्रोत्यांशी शब्दाने किंवा स्पष्ट हावभावाने पहिला संवाद साधला की ते सुरू होते. क्लबच्या सभेतही बहुतेक टायमर हाच संकेत पाळतात. म्हणून रमतगमत नव्हे, पण धावतही जाऊ नये, आणि उभे राहिल्यावर दोन-तीन सेकंद गप्प राहायला घाबरू नये. वक्त्याला तो काळ युगासारखा वाटतो, श्रोत्यांना तो फक्त विराम वाटतो.

या वेळात स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : या विषयाशी जोडलेल्या प्रसंगात कोणी काय केले? ‘मला काय वाटते’ हा प्रश्न टाळायचा. पहिले आठवलेले दृश्य घेतले नाही तरी चालते, पण तिसऱ्याच्या पुढे शोध नेऊ नये, कारण चौथ्या दृश्यापर्यंत जाणारे लोक पाचव्यापर्यंतही जातात आणि मग काहीच ठरलेले नसताना तोंड उघडतात.

एक पूर्ण उदाहरण द्याल का?

समजा, विषय आहे ‘रांग’. हा शब्द ऐकताच रेशनचे दुकान, पंढरपूरची दर्शनबारी आणि एसटीचा फलाट अशी तीन दृश्ये डोळ्यांपुढे येतात. रेशनच्या दुकानात रांग आहे, पण तिथे कोणी काही केल्याचे आठवत नाही. दर्शनबारीत गर्दी आहे, माणूस वेगळा दिसत नाही. फलाटावर मात्र कोणीतरी रुमाल टाकून जागा धरतो, म्हणजे तिथे एक कृती आहे. दृश्य ठरले. आता विधान काढायचे. या दृश्यात राग कोणाचा येतो? रुमाल टाकणाऱ्याचा येतोच, पण पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्यांचा अधिक येतो. विधानही मिळाले. नमुना म्हणून रचलेले भाषण असे :

“रांग मोडणाऱ्या माणसापेक्षा ते बघून गप्प बसणाऱ्यांचा मला जास्त राग येतो.

दिवाळीत स्वारगेटला साताऱ्याच्या एसटीसाठी आम्ही पंचवीस-तीस जण रांगेत उभे होतो. गाडी फलाटाला लागली आणि एका गृहस्थांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. सगळ्यांनी पाहिलं. एकानं घड्याळ बघितलं, एकीनं मोबाइल काढला, मी उगाच बॅगेची चेन लावली. रांगेत पहिल्या होत्या एक आजी. त्या वर चढल्या, रुमाल उचलला, त्याची नीट घडी घातली आणि खिडकीतून त्या गृहस्थांना देत म्हणाल्या, ‘बाळा, तुझा रुमाल आत पडला होता.’ आणि त्याच जागेवर बसल्या. गृहस्थ मुकाट्यानं मागे गेले.

भांडण नाही, आरडाओरडा नाही. आता माझ्यासमोर कोणी रांगेत घुसलं की मी बॅगेची चेन लावत बसत नाही. ‘दादा, रांग तिकडून आहे’ एवढं म्हणतो.”

हे भाषण शंभराच्या थोडे वर शब्दांचे आहे आणि सावकाश, विराम घेत बोलले तर मिनिटभर सहज चालते. त्यात तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. विधान पहिल्याच वाक्यात संपले आहे आणि त्याचे स्पष्टीकरण दिलेले नाही, कारण ते काम प्रसंगाचे आहे. प्रसंगात ‘लोक उदासीन होते’ असे कुठेही म्हटलेले नाही. घड्याळ, मोबाइल आणि चेन या तीन हालचालींतून ते दिसते. आणि शेवटच्या भागात ‘चेन’ परत येते, त्यामुळे भाषण आपल्या पायावर संपते, तोडल्यासारखे वाटत नाही.

चेनचा तपशील आधी ठरवलेला असण्याची गरज नसते, हेही सांगायला हवे. प्रसंग डोळ्यांसमोर स्पष्ट असेल तर असा एखादा तपशील बोलताना येतोच. वक्त्याने फक्त तो आला हे ध्यानात ठेवायचे आणि शेवटी त्याच्याकडे परत जायचे.

विधान चांगले आहे की नाही, हे कसे ओळखावे?

त्याच्या विरुद्ध बोलणारा एखादा शहाणा माणूस कल्पनेत आणता आला पाहिजे. ‘आईवडिलांचा आदर करावा’ याच्या विरुद्ध कोण बोलणार? म्हणून हे विधान नव्हे, तो सुविचार आहे. ‘आईवडिलांशी अधूनमधून वाद घालणे हाही आदराचाच भाग आहे’ या वाक्यावर मात्र सभागृहातील निम्मी डोकी किंचित हलतात आणि पुढे काय येते ते ऐकायला लोक तयार होतात.

आणखी एक खूण म्हणजे वाक्याची लांबी. ‘आणि’, ‘परंतु’, ‘तसेच’ असे शब्द विधानात येऊ लागले तर समजावे की दोन मते एकत्र आली आहेत. एका मिनिटात दोन मतांना पुरेसा प्रसंग सांगता येत नाही. एक सोडून द्यावे.

व्याख्येने सुरुवात करणे हा मात्र निव्वळ वेळकाढूपणा आहे. ‘छत्री म्हणजे पावसापासून संरक्षण करणारे साधन’ हे ऐकून कोणाच्याही ज्ञानात भर पडत नाही, आणि श्रोत्यांना मात्र हे लगेच कळते की वक्त्याला अजून काही सुचलेले नाही.

‘पैसा मोठा की मैत्री?’ असे प्रश्न आले तर?

अशा वेळी बाजू निवडावी आणि ती पहिल्या वाक्यात सांगून टाकावी. ‘दोन्हींचे आपापले महत्त्व आहे’ हे उत्तर खरे असेलही, पण त्यातून एकही प्रसंग निघत नाही. कोणती बाजू घ्यायची हेही मतावरून न ठरवता हाताशी असलेल्या प्रसंगावरून ठरवावे. मित्राला उसने दिलेले पैसे आणि त्यानंतर तुटलेली मैत्री आठवत असेल तर पैशाच्या बाजूने बोलावे, जरी एरवी आपले मत वेगळे असले तरी. हे शपथेवरचे निवेदन नव्हे.

‘तुम्ही एक दिवस पंढरीचे वारकरी झालात तर’ किंवा ‘तुम्ही बंद पडलेली लिफ्ट आहात’ यांसारख्या कल्पित परिस्थितीच्या विषयांत प्रसंग आठवायचा नसतो, रचायचा असतो. तिथेही ‘कोणी काय केले’ हाच प्रश्न उपयोगी पडतो. लिफ्टने बोलायचे असेल तर चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी जिना चढताना पहिल्यांदा एकमेकांची नावे विचारली, असे दृश्य घ्यावे. मग ‘मी बंद पडते तेव्हाच या इमारतीत शेजार सुरू होतो’ हे विधान तयार होते.

म्हणीवरचे विषय सर्वांत सापळ्याचे. ‘अति तेथे माती’ मिळाले की माणूस म्हणीचा अर्थ सांगू लागतो, आणि तो अर्थ सभागृहातील लहान मुलालाही ठाऊक असतो. अर्थ सांगू नये. ती म्हण जिथे खोटी ठरली असा प्रसंग शोधावा. तो सापडला तर भाषण जवळजवळ तयार असते. सापडला नाही तर ती जिथे खरी ठरली तो प्रसंग आहेच.

काहीच आठवले नाही तर?

काहीच आठवत नाही असे क्वचितच घडते. बहुधा सांगण्याजोगे मोठे काही आठवत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. एका मिनिटाच्या भाषणाला मोठा प्रसंग नकोच, कारण मोठा प्रसंग चाळीस सेकंदांत मावत नाही. आयुष्य बदलून टाकणारी घटना सांगायला घेतली की पार्श्वभूमी सांगण्यातच पिवळे कार्ड येते. आज सकाळी दूधवाल्याशी झालेले दोन वाक्यांचे बोलणे जास्त उपयोगाचे.

तरीही डोके रिकामेच राहिले, तर विषयाला एखादे ठिकाण जोडून पाहावे : घर, शाळा, रस्ता, कार्यालय. ‘क्षमा’ या शब्दाने काही सुचत नाही, पण ‘शाळेतली क्षमा’ म्हटले की फळ्यावर खडूने काढलेले चित्र, ते पुसायला निघालेले सर आणि एक हात वर करणारा मुलगा दिसू लागतात. अमूर्त शब्दाला जागा मिळाली की तिथे माणसे येतात.

विषयाची माहितीच नसेल, उदाहरणार्थ कोणी शेअर बाजाराविषयी विचारले आणि आपला त्याच्याशी कधी संबंध आला नसेल, तर ते एका वाक्यात सांगून आपल्या ओळखीच्या क्षेत्राकडे वळणे रास्त आहे. मात्र वळण दिसले पाहिजे. ‘शेअर बाजारातले मला कळत नाही, पण चढउतार काय असतो ते मी मार्केट यार्डात टोमॅटो विकताना पाहिले आहे’ असे म्हटले की विषय सोडला असे कोणी म्हणणार नाही. विषयाचे नावही न घेता पाठ केलेले दुसरेच काही बोलू लागलेला वक्ता मात्र लगेच ओळखू येतो, आणि मूल्यांकन करणारा सदस्य ते नोंदवतो.

प्रसंग खराच असावा का?

स्वतःचा म्हणून सांगितलेला प्रसंग खरा असावा, एवढे पथ्य पाळलेले बरे. नमुन्याच्या भाषणासारखे रचायचे असेल तर ‘समजा’ असे म्हणून सांगता येते, आणि त्याने परिणाम फारसा कमी होत नाही. खऱ्या प्रसंगाचा व्यावहारिक फायदा वेगळाच आहे. तो आठवायचा असतो, जुळवायचा नसतो. रचलेल्या प्रसंगात पुढचे वाक्य शोधावे लागते आणि त्या शोधात ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ यांची गर्दी होते. सभेत हे उच्चार मोजणारा एक सदस्य नेमलेला असतो आणि त्याच्या नोंदींत रचलेल्या गोष्टी बहुधा लपत नाहीत.

‘माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या बंधू-भगिनींनो’ असे संबोधन हवे का?

शालेय वक्तृत्व स्पर्धांमुळे हे संबोधन आपल्या जिभेवर बसलेले आहे, आणि आठ-दहा मिनिटांच्या भाषणाला ते शोभतेही. एका मिनिटात ते विधानाच्या वाट्याचे सगळे सेकंद खाते. टेबल टॉपिक्स मास्टरला ‘धन्यवाद’ म्हणून आणि सभेला ‘नमस्कार’ करून थेट विधानावर यावे. ‘आज मला जो विषय मिळाला आहे तो म्हणजे’ हेही नको, कारण विषय काय आहे हे आत्ताच सगळ्यांनी ऐकलेले असते.

हेच ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ या वाक्याला लागू आहे. भाषण संपले हे वेगळे सांगावे लागत असेल, तर ते संपलेले नाही.

शेवट नेमका कसा करावा? बोलता बोलता तो हातून निसटतो.

निसटतो, कारण माणूस शेवटी पुन्हा सर्वसाधारण बोलू लागतो. प्रसंग संपल्यावर ‘म्हणून आपण सर्वांनी’ अशी सुरुवात झाली की ते वाक्य कुठेही जाऊ शकते आणि बहुधा कुठेच पोहोचत नाही. त्याऐवजी प्रसंगातील एक वस्तू, एक कृती किंवा एखाद्याचे एक वाक्य उचलावे आणि विधानाशी जोडावे. सराव करताना परतीचे वाक्य ‘त्या दिवसापासून’, ‘आता जेव्हा’, ‘अजूनही’ अशा शब्दांनी सुरू करून पाहावे. हे शब्द बोलणाऱ्याला नेमक्या कृतीकडे ढकलतात. सवय झाली की ते गाळता येतात.

परतीचे वाक्य संपल्यावर तोंड मिटणे हे खरे अवघड काम आहे. टाळ्या यायला सेकंदभर वेळ लागतो, तो सेकंद सहन होत नाही आणि वक्ता आणखी एक वाक्य जोडतो. जोडलेले वाक्य नेहमी आधीच्यापेक्षा कमजोर असते. शेवटचा शब्द उच्चारून टेबल टॉपिक्स मास्टरकडे वळावे, म्हणजे हात आपोआप पुढे होतो आणि भाषण संपते.

प्रसंगाच्या मध्येच शेवटचे कार्ड दिसले तर काय करावे?

प्रसंगातील पुढचे टप्पे गाळून थेट त्याच्या शेवटच्या कृतीवर उडी घ्यावी आणि परतीचे वाक्य बोलून थांबावे. श्रोत्यांना काय गाळले ते ठाऊक नसते. रुमालाच्या उदाहरणात घड्याळ, मोबाइल आणि चेन तिन्ही गाळले तरी आजींचे वाक्य शिल्लक राहते, आणि त्यावर भाषण उभे राहू शकते. परतीचे वाक्य गाळून प्रसंग पूर्ण करणे हा याच्या उलट आणि वाईट पर्याय, कारण मग ऐकणाऱ्याच्या हाती फक्त एक किस्सा उरतो.

हे पुन्हापुन्हा होत असेल तर दोष प्रसंगाच्या सुरुवातीत आहे. ‘मी तेव्हा एका कंपनीत होतो, आमचे कार्यालय हिंजवडीला होते, तिथे माझा एक सहकारी होता, त्याचे गाव कोल्हापूर’ अशी वंशावळ सुरू होते आणि घटना घडायलाच अर्धे मिनिट लागते. प्रसंगाच्या पहिल्या वाक्यात ठिकाण आणि माणसे, दुसऱ्या वाक्यात घटना सुरू, एवढे बंधन घालून घ्यावे.

आणि वेळ उरला तर?

विधानावर भाष्य करून तो भरू नये. भर घालायची असेल तर ती फक्त प्रसंगात, एखाद्याचे बोलणे किंवा एखादी हालचाल अधिक सांगून. दोन मिनिटांच्या मर्यादेतही वाढतो तो मधला भागच, दोन्ही टोके तेवढीच राहतात.

मत, कारण, उदाहरण, पुन्हा मत, किंवा काल, आज, उद्या अशा रचनाही शिकवतात. त्या का नाहीत?

त्या चांगल्या आहेत आणि दोन मिनिटे हाताशी असतील तर वापराव्यात. मत-कारण-उदाहरण या रचनेत कारणाचा भाग वेगळा काढावा लागतो, आणि एका मिनिटात तो बहुधा विधानाचीच दुसरी आवृत्ती होऊन बसतो. काल-आज-उद्या ही रचना ‘वाचन’, ‘प्रवास’, ‘पत्र’ अशा काळाबरोबर बदललेल्या गोष्टींना छान बसते. पण तिच्यात ‘पूर्वी असे होते, आता तसे राहिले नाही’ हा सूर इतका लवकर लागतो की एकाच सभेत दोघांनी ती वापरली तर दुसऱ्याचे भाषण पहिल्याची पुनरावृत्ती वाटते. प्रसंगावर उभी असलेली रचना या बाबतीत सुरक्षित आहे, कारण दोन माणसांचे प्रसंग सारखे नसतात.

ही रचना कुठे अपुरी पडते?

शोकसभेत किंवा आभारप्रदर्शनात ठाम विधानाने सुरुवात केलेली बरी दिसत नाही. तिथे व्यक्ती आधी यावी. माहिती विचारणाऱ्या प्रश्नालाही ही रचना शोभत नाही. ‘सोसायटीचा पाण्याचा टँकर कधी येणार?’ याचे उत्तर प्रसंगाने देऊ लागलात तर लोक चिडतील, आणि त्यांचे बरोबरच असेल. हसवण्यात मुरलेल्या वक्त्यांनाही ती कधी कधी जाचक वाटते, कारण विनोदाचा शेवट आधी सांगून चालत नाही. अशांनी विधान शेवटी न्यावे आणि थेट प्रसंगापासून सुरुवात करावी. नवख्याने मात्र हा क्रम लगेच बदलू नये. विधान आधी बोललेले असले की प्रसंग भरकटला तरी श्रोत्यांना दिशा माहीत असते.

घरी सराव कसा करावा?

वर्तमानपत्राच्या पानावर डोळे मिटून बोट ठेवावे आणि जो शब्द येईल तो विषय धरावा. सुरुवातीचे काही दिवस भाषण करूच नये. फक्त प्रसंग शोधून त्यातून विधान काढावे, ते एकदा मोठ्याने म्हणावे आणि पुढच्या शब्दाकडे जावे. भांडी घासताना किंवा लोकलची वाट पाहताना हे करता येते. विधान सहज निघू लागले की मग मोबाइलवर गजर लावून पूर्ण मिनिट बोलावे आणि ते ध्वनिमुद्रित करावे.

ध्वनिमुद्रण ऐकताना आवाज कसा आहे इकडे लक्ष देऊ नये. प्रसंग किती सेकंदाला सुरू झाला आणि शेवटचे वाक्य प्रसंगातील कशाला स्पर्श करते, एवढ्या दोनच गोष्टी पाहाव्यात. प्रसंग विसाव्या सेकंदानंतर सुरू होत असेल, तर विधानाचे स्पष्टीकरण चालले आहे असे समजावे.

मराठी सभेत विषयाचे वाक्य इंग्रजीत आले तर?

तसे होते. विषय ऐकताच तो मनात मराठीत आणावा आणि विधान त्या मराठी शब्दांतच करावे. अचूक भाषांतर सुचले नाही तरी अडत नाही, कारण शोधायचा आहे तो प्रसंग, आणि तो बहुतेकांना आपल्या भाषेतच आठवतो.